सगळ्या लिंका ‘डाउनलोड’च म्हणतात: सूचना पानावर परत परत उगवणारा बिघाड

हिवाळी परीक्षेचा हंगाम आला की आमच्या सूचना पानावर पीडीएफचा पाऊस पडतो. नागपुरातल्या एका जुन्या महाविद्यालयाची वेबसाइट मी सांभाळतो. काम धरमपेठेतल्या माझ्या दोन टेबलांच्या ऑफिसातून चालतं, आणि पानावर सूचना चढवायचं काम महाविद्यालयाच्या कार्यालयातल्या मॅडम करतात. बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या एका दृष्टिहीन विद्यार्थिनीचा फोन आला तेव्हा पानावर चौदा सूचना होत्या.

“दादा, पान तर उघडलं. पण सगळ्याच लिंका डाउनलोड, डाउनलोड म्हणून राहिल्या. माझं टाइमटेबल कोणतं, कसं समजू?”

मी पान उघडलं. दिसायला नीटनेटकं टेबल होतं. डावीकडे अनुक्रमांक, मध्ये विषय आणि उजवीकडच्या रकान्यात निळ्या अक्षरांत ‘डाउनलोड’. चौदा ओळी आणि चौदा ‘डाउनलोड’. मला त्यात काही चूक दिसलीच नसती, कारण माझी नजर ओळीवरून डावीकडून उजवीकडे जात होती.

हा बिघाड मी तीनदा दुरुस्त केला. पहिल्या दुरुस्तीने अर्धंच काम झालं. दुसरी दुरुस्ती मूळ दुखण्यापेक्षा वाईट निघाली. तिसरी टिकली आहे. तिन्ही सांगतो, कारण पहिल्या दोन उपायांची शिफारस तुम्हालाही कोणीतरी करणारच.

आधी बिघाड स्वतः ऐका

विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो. तो सुरू करून ब्राउझरमध्ये आपलं पान उघडा आणि `Insert+F7` दाबा. पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी एका छोट्या खिडकीत येते. माझ्यासमोर ही यादी आली:

```
मुख्यपृष्ठ
आमच्याविषयी
संपर्क
डाउनलोड
डाउनलोड
डाउनलोड
डाउनलोड
…
```

ती विद्यार्थिनी हेच ऐकत होती. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस पान वरपासून खालपर्यंत कीर्तनासारखं ऐकत बसत नाही. आपण जसे निळं अक्षर शोधत खाली सरकतो, तसा तो ही यादी उघडतो, किंवा `K` दाबत एका लिंकवरून दुसरीवर उड्या मारतो. उडी पडते ती थेट ‘डाउनलोड’वर. फार तर ओळीचा नि रकान्याचा क्रमांक ऐकू येतो. विषय शेजारच्या खणात असतो आणि तो उडीच्या वाटेत येत नाही.

आवाजाची सवय नसेल तर एनव्हीडीएच्या मेन्यूत टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर आहे. जे बोललं जातं ते तिथे अक्षरांत उमटतं. मी सुरुवातीला तेच वापरलं, कारण त्या वेगाने बोललेलं माझ्या कानाला पकडता येत नव्हतं. मराठी मजकूर वाचलाच जात नसेल किंवा भलत्याच उच्चारात येत असेल, तर पानाच्या पहिल्या ओळीत `lang="en"` राहिलंय का ते पाहा. बऱ्याच तयार थीममध्ये ते तसंच असतं. `lang="mr"` केलं की स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो.

एनव्हीडीए चढवायचा नसेल तर ब्राउझरचा कन्सोल उघडून एवढं चिकटवा:

```js
console.table([...document.querySelectorAll('a[href]')].map(a => ({
  text: a.innerText.trim(),
  aria: a.getAttribute('aria-label'),
  file: a.getAttribute('href')
})));
```

अनुक्रमांक सोडून तीन रकान्यांचं टेबल येईल: डोळ्यांना दिसणारा मजकूर, स्क्रीन रीडरसाठी वेगळं नाव दिलं असेल तर ते, आणि लिंक जाते तो पत्ता. पत्त्याचा रकाना हाताने झाका आणि उरलेलं फोनवर कोणाला तरी वाचून दाखवा. ‘बी.ए. सत्र 3 चं वेळापत्रक कुठे आहे?’ याचं उत्तर त्याला देता आलं नाही, तर बिघाड आहे. ही चाचणी यंत्रावर सोपवू नका. आपोआप तपासणारी साधनं लिंकला काहीतरी नाव आहे की नाही, एवढं खात्रीने पाहतात. ‘डाउनलोड’ला नाव आहे, त्यामुळे आमच्या चौदाच्या चौदा लिंका पास झाल्या होत्या.

आता डोळ्यांनी वाचणाऱ्यांचं पाहू, कारण प्राचार्यांनी मला पहिला प्रश्न तोच विचारला: “एका मुलीसाठी पूर्ण पान बदलायचं?” मी त्यांच्याच संगणकावर पान 400 टक्के मोठं केलं. कमी दिसणारी माणसं असंच वाचतात. विषयाचा रकाना पडदाभर झाला आणि ‘डाउनलोड’ उजवीकडे पडद्याबाहेर गेलं. विषय सापडला की पान उजवीकडे सरकवायचं, आणि तोवर आपण पाचव्या ओळीवर होतो की सहाव्या, हे विसरलेलं असतं. मग त्यांच्या फोनवर तेच पान उघडलं. तिथेही टेबल बोटाने आडवं सरकवावं लागत होतं. “म्हणून पालक चुकीचा कागद घेऊन येतात काय,” असं ते म्हणाले आणि विषय संपला. घाईत पान चाळणाऱ्याचे डोळे एका निळ्या शब्दावरून दुसऱ्या निळ्या शब्दावर जातात. निळ्या शब्दात काही नसेल तर त्याला मागे फिरून काळं वाचावं लागतं.

पहिली दुरुस्ती: ओळीला डोकं दिलं

वेब ॲक्सेसिबिलिटीचे जे जागतिक निकष आहेत, म्हणजे डब्ल्यूसीएजी, त्यात लिंकच्या हेतूबद्दल दोन कलमं आहेत. 2.4.4 हे सगळ्यात खालच्या, ए पातळीचं. लिंकचा मजकूर आणि तिचा संदर्भ मिळून अर्थ लागला तरी त्याला चालतं. 2.4.9 हे ट्रिपल ए पातळीचं. त्याला लिंकच्या मजकुरातूनच अर्थ लागायला हवा.

‘संदर्भ’ म्हणजे काय, तर तोच परिच्छेद, यादीतला तोच मुद्दा, टेबलातला तोच खण, किंवा त्या खणाशी जोडलेला शीर्षक-खण. शेजारचा साधा खण यात बसत नाही, आणि हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. आमच्या टेबलात विषय साध्या `td` मध्ये होता, म्हणजे आम्ही ए पातळीवरच नापास होतो. मी विषयाचे खण `<th scope="row">`, म्हणजे ओळीचे शीर्षक-खण केले. दहा मिनिटांचं काम.

नियमापुरतं ते पुरलं. टेबलात खणाखणाने फिरणाऱ्याला आता ‘डाउनलोड’च्या आधी विषय ऐकू येऊ लागला. पण `Insert+F7` ची यादी जशीच्या तशी राहिली, आणि मोठं करून वाचणाऱ्याचंही काही भलं झालं नाही. वर दोन आठवड्यांनी मॅडमनी वर्डमधून एक नवीन टेबल आणून चिकटवलं, त्यात `th` कुठून असणार? बिघाड परत हजर.

दुसरी दुरुस्ती: हिच्यापासून दूर राहा

मग मी ते केलं जे इंटरनेटवर पहिल्या शोधात सापडतं. प्रत्येक लिंकला `aria-label`, म्हणजे फक्त स्क्रीन रीडरसाठीचं वेगळं नाव लावलं:

```html
<td>ग्रंथालय दिवाळीच्या सुट्टीत बंद</td>
<td><a href="granth.pdf"
  aria-label="ग्रंथालय दिवाळीच्या सुट्टीत बंद">डाउनलोड</a></td>
```

पडद्यावर काही बदललं नाही आणि स्क्रीन रीडरला पूर्ण नाव ऐकू येऊ लागलं. यादी झकास दिसली. मी खूश होऊन बिल पाठवलं.

पुढच्या महिन्यात तीच विद्यार्थिनी कार्यालयात तोंडी चौकशीला आली होती, असं मॅडम सहज बोलता बोलता म्हणाल्या. वेळापत्रक तर पानावर होतं! मी कन्सोलमध्ये वरचाच तुकडा चालवला:

```
text      aria                               file
डाउनलोड   ग्रंथालय दिवाळीच्या सुट्टीत बंद    granth.pdf
डाउनलोड   ग्रंथालय दिवाळीच्या सुट्टीत बंद    ba3-h.pdf
डाउनलोड   ग्रंथालय दिवाळीच्या सुट्टीत बंद    fee-2.pdf
```

झालं असं होतं. नवीन सूचना टाकायची म्हणजे मॅडम वरची ओळ कॉपी करून खाली चिकटवत, विषय बदलत आणि फाइल बदलत. जे दिसतं ते सगळं त्या इमानदारीने बदलत होत्या. `aria-label` एडिटरमध्ये कुठेच दिसत नाही, त्यामुळे जुनं नाव नव्या ओळीला चिकटून आलं. तिच्या वेळापत्रकाची लिंक ‘ग्रंथालय बंद’ म्हणत होती. ग्रंथालयाच्या सुट्टीची सूचना ती कशाला उघडेल?

तिने या वेळी तक्रारही केली नव्हती, कारण तक्रार करण्यासारखं तिला काही ऐकूच आलं नाही. तिच्या लेखी नावं व्यवस्थित होती, तिचं वेळापत्रक तेवढं अजून लागलेलं नव्हतं. ‘डाउनलोड’ निदान मुकं होतं, हे चक्क खोटं बोलत होतं.

कारण साधं आहे. लिंकचं नाव ठरवताना ब्राउझर एका ठरलेल्या क्रमाने शोधतो. आधी `aria-labelledby`, ते नसेल तर `aria-label`, तेही नसेल तर लिंकच्या आतला मजकूर, आणि सगळ्यात शेवटी `title`. वरचं सापडलं की खालचं तो पाहत नाही. म्हणजे `aria-label` दिसणाऱ्या मजकुरात भर घालत नाही, त्याला पूर्ण झाकतो. तुमच्या पानावर काय चाललंय ते पाहायचं असेल तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये लिंक निवडून ॲक्सेसिबिलिटीचा भाग उघडा. तिथे `Name` समोर अंतिम नाव असतं आणि ते कुठून आलं तेही लिहिलेलं असतं.

याला आणखी एक फटका आहे. बोलून संगणक चालवणारा माणूस पडद्यावर ‘डाउनलोड’ पाहतो आणि ‘डाउनलोड’ म्हणतो. नावात तो शब्दच नसेल तर हुकूम वाया जाऊ शकतो. दिसणारा मजकूर नावात असलाच पाहिजे, असं डब्ल्यूसीएजीचं 2.5.3 हे कलम म्हणूनच आहे, आणि तेही ए पातळीचं.

`aria-labelledby` ने विषयाच्या खणाकडे बोट दाखवावं, असं एका मित्राने सुचवलं. तेही करून पाहिलं. ओळ कॉपी झाली की `id` सुद्धा कॉपी होतो, आणि एकाच `id` चे दोन खण झाले की पहिलाच सापडतो. रोग तोच. जे डोळ्यांना दिसत नाही, ते हाताने चढवणाऱ्या माणसाकडून बदललं जाणार नाही. यात मॅडमची चूक काढण्यात अर्थ नाही, मीही विसरलो असतो.

तिसरी दुरुस्ती: रकानाच काढून टाकला

विषय हीच लिंक केली.

```html
<li>
  <a href="ba3-h.pdf">बी.ए. सत्र 3, हिवाळी 2024,
  परीक्षा वेळापत्रक, पीडीएफ 240 केबी</a>
</li>
```

टेबल गेलं, साधी यादी आली. लपवलेलं काही नाही, म्हणून शिळं होण्यासारखंही काही नाही. डोळ्यांना दिसतं तेच कानाला ऐकू येतं. नाव चुकलं तर ते सगळ्यांसमोर चुकेल आणि कोणीतरी तासाभरात फोन करेल.

पण बिघाड परत न येण्याचं खरं कारण हा कोड नाही. मॅडमच्या हातातून एडिटर काढून एक फॉर्म दिला, हे कारण आहे. त्यात तीनच रकाने आहेत: विषय, तारीख, फाइल. लिंकवर काय लिहायचं हा रकाना मुद्दाम ठेवलाच नाही. लिंक विषयातूनच तयार होते, आणि फाइलचा प्रकार नि आकार फॉर्म स्वतः मोजून जोडतो. ‘येथे क्लिक करा’ लिहायला जागाच उरली नाही. त्याच विषयाची सूचना आधीच असेल तर फॉर्म अडून बसतो आणि वेगळा विषय मागतो.

शेवटी जोडलेला ‘पीडीएफ 240 केबी’ बारीक वाटेल, पण दाबल्यावर पान उघडणार की फाइल उतरणार, हे आधी कळायला हवं. एकदा कोणीतरी माहितीपुस्तिकेची 38 एमबीची फाइल चढवली होती. मोजका डेटा असलेल्या फोनवर ती आंधळेपणाने उघडणाऱ्याची गोष्ट वेगळी सांगायला नको.

कोणी म्हणेल, आमच्या डिझाइनमध्ये बटणासारखं दिसणारं ‘डाउनलोड’ हवंच आहे. हवं तर ठेवा, पण उरलेलं नाव त्याच लिंकच्या आत, नजरेआड असलेल्या `span` मध्ये घाला, आणि तो `span` टेम्पलेटनेच विषयातून भरला पाहिजे, हाताने नाही. लपवताना `display:none` वापरू नका. त्याने मजकूर स्क्रीन रीडरलाही लपतो आणि तुम्ही पुन्हा ‘डाउनलोड’वर येता. मोठं करून वाचणाऱ्याचा प्रश्न मात्र याने सुटत नाही, म्हणून माझं मत विषयालाच लिंक करण्याच्या बाजूचं आहे.

आता सगळा भार विषयावर

फॉर्म सुरू झाला आणि आठवड्याभरात यादीत ‘सूचना’, ‘महत्त्वाची सूचना’ आणि ‘scan0012’ अवतरले. विषय लिंक झाला म्हणजे विषय लिहिणं हेच लिंक लिहिणं झालं, आणि हे मॅडमना कोणी सांगितलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. चहा आला, तर्री पोहे आले, आणि आम्ही दोघांनी मिळून मागच्या महिन्याच्या सगळ्या सूचनांचे विषय नव्याने लिहिले.

पहिली सूचना अशी होती: ‘विद्यापीठाच्या पत्रानुसार सर्व संबंधितांना कळविण्यात येते की हिवाळी परीक्षेच्या सुधारित वेळापत्रकाबाबत’. कागदावर ही भाषा ठीक आहे. यादीत मात्र पहिले सहा-सात शब्द सगळ्याच सूचनांचे सारखे निघतात. घाईतला वाचक ओळीचे पहिले दोन-तीन शब्द पाहतो आणि खाली सरकतो. एनव्हीडीएच्या यादीत अक्षर टाइप केलं की त्या अक्षराने सुरू होणाऱ्या लिंकवर उडी मारता येते, आणि सगळ्याच लिंका ‘वि’ने सुरू होत असतील तर ती सोय वाया जाते. आम्ही ठरवलं: आधी कोणासाठी, मग कशाबद्दल, मग कोणत्या हंगामाचं. ‘बी.ए. सत्र 3, सुधारित वेळापत्रक, हिवाळी 2024’. ‘बाबत’ कापला, ‘कळविण्यात येते की’ पूर्ण कापलं.

‘सुधारित’वर आम्ही बराच वेळ अडलो. जुनं आणि सुधारित अशी दोन वेळापत्रकं यादीत राहिली तर नुसतं ‘सुधारित’ पुरत नाही, कारण जुन्यावर ‘जुनं’ असं लिहिलेलं नसतं. जुनी लिंक आधी सापडली तर माणूस तिथेच थांबतो. म्हणून सुधारित सूचना चढवली की जुन्याचा विषय बदलून ‘रद्द झालेलं वेळापत्रक, बी.ए. सत्र 3’ करायचा. हा एक नियम मॅडमना पटायला वेळ लागला, कारण चढवलेल्या कागदाला परत हात लावायची कार्यालयात पद्धत नाही.

सूचनांशिवाय पानावर सलग मजकूरही असतो, आणि तिथे मराठीची स्वतःची एक गंमत आहे. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘प्रवेशाच्या अटी माहितीपुस्तिकेत दिल्या आहेत’ या वाक्यात माउसने निवडताना हात अलीकडे थांबतो आणि लिंक ‘माहितीपुस्तिके’ एवढ्याचीच होते. ‘त’ बाहेर लटकतो. स्क्रीन रीडर ‘लिंक, माहितीपुस्तिके’ म्हणतो आणि मग एकटा ‘त’ उच्चारतो. यादीत तर ‘माहितीपुस्तिके’ हा असा शब्द येतो जो कोणी बोलत नाही. लिंक नेहमी पूर्ण शब्दाची करा, आणि जमेल तिथे वाक्य असं फिरवा की लिंकचा शब्द मूळ रूपात येईल: ‘प्रवेशाच्या अटींसाठी वाचा: माहितीपुस्तिका 2024-25’. यात शेवटचे दोन शब्द लिंक.

‘वेळापत्रक पाहण्यासाठी येथे क्लिक करा’ दुरुस्त करणं मात्र सोपं आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे कामाचे शब्द वाक्यात आधीच येऊन गेलेले असतात आणि निळा रंग शेवटच्या फुकट शब्दांवर पडतो. मागचं कापून पुढच्याला लिंक करा: ‘वेळापत्रक पाहा’. ‘फी किती’, ‘अर्ज कसा भरायचा’ अशी प्रश्नासारखी लिंकही आपल्या भाषेत सहज वाटते, आणि यादीतही एकटी उभी राहते.

आणि ते लुकलुकणारं ‘न्यू’चं चित्र. ते लिंकच्या आत असेल तर त्याचा `alt` लिंकच्या नावाचाच भाग होतो. आमच्याकडे तिथे `new_blink2.gif` लिहिलेलं होतं, त्यामुळे प्रत्येक नव्या सूचनेच्या नावाला ते शेपूट लागून ऐकू येत होतं. चित्र काढलं, यादी तारखेनुसार लावली. कोणालाच त्याची आठवण आली नाही.

‘रद्द करा’ म्हणजे नेमकं काय?

बटणांचं दुखणं वेगळ्या पानावर निघालं, पण मूळ तेच. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मागे घ्यायचा असेल तर एक छोटी खिडकी यायची:

```
अर्ज रद्द करायचा आहे का?
[ रद्द करा ]   [ ओके ]
```

‘रद्द करा’ दाबलं तर अर्ज रद्द होतो, की रद्द करणं रद्द होतं? ज्याने लिहिलं त्याच्या डोक्यात ते इंग्रजी ‘कॅन्सल’ होतं, म्हणजे ‘खिडकी बंद करा, अर्ज तसाच ठेवा’. मराठी वाचणाऱ्याला ते नेमकं उलटं वाचता येतं. डोळ्यांनी वाचणारा निदान प्रश्न पुन्हा पाहू शकतो. टॅबने बटणावर आलेल्याच्या कानात फक्त ‘रद्द करा, बटण’ येतं. दोघांचाही हात तिथे अडखळत होता. काहींचा अर्ज मागे घ्यायचा राहून गेला आणि ते कार्यालयाशी भांडायला आले.

बटणावर ते दाबल्यावर काय होईल तेच लिहा, प्रश्नाचं उत्तर नाही. आम्ही केलं: ‘अर्ज मागे घ्या’ आणि ‘अर्ज तसाच ठेवा’. ‘होय’ आणि ‘नाही’सुद्धा टाळा, कारण प्रश्न विसरला की त्यांना अर्थ राहत नाही.

करायला गेल्यावर एक अडचण आली. खिडकी जावास्क्रिप्टच्या `confirm()` ने उघडलेली असेल तर तिच्या बटणांवरचे शब्द बदलता येत नाहीत, ते ब्राउझर ठरवतो. म्हणजे आपला प्रश्न मराठीत आणि बटणं ब्राउझरच्या भाषेत. त्यासाठी `<dialog>` वापरून स्वतःची खिडकी करावी लागली:

```html
<dialog aria-labelledby="q">
  <h2 id="q">पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मागे घ्यायचा का?</h2>
  <button>अर्ज मागे घ्या</button>
  <button autofocus>अर्ज तसाच ठेवा</button>
</dialog>
```

ती `showModal()` ने उघडा. `autofocus` मुद्दाम दुसऱ्या बटणावर आहे, म्हणजे घाईत एंटर दाबला तरी अर्ज जात नाही. इथे `aria-labelledby` चालतो, कारण ही खिडकी कोणी कॉपी करून दुसऱ्या सूचनेखाली चिकटवणार नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी तो कन्सोलचा तुकडा चालवतो. `aria` च्या रकान्यात सगळीकडे `null` असलं की मी खुश, कारण तिथे दुसरं काही दिसलं तर कोणीतरी जुनं काहीतरी परत चिकटवलेलं असतं. गेल्या वेळी एकच ओळ खटकली: ‘सूचना 2’. मॅडमना फोन केला, तर म्हणाल्या, “अहो, ती सूचना 1 ची पुरवणी आहे.” आणि सूचना 1? ती त्यांनी मागच्याच आठवड्यात ‘बी.कॉम. सत्र 5, प्रात्यक्षिक परीक्षेच्या तारखा’ अशी बदलली होती.